एका केबलवर अख्खं टेबल: डॉक लॅपटॉपला वीज देत असेल तर यूएसबी-सी केबल किती वॅटची घ्यावी?

कर्वेनगरी

घरी एका केबलवर सगळं चालवायचं आहे. लॅपटॉप आणला, एक यूएसबी-सी खोचली की दोन्ही मॉनिटर, कीबोर्ड, नेट आणि चार्जिंग सुरू. मांडणी अशी:

लॅपटॉपसोबत आलेला चार्जर ९० वॅटचा आहे, त्यावर २० व्होल्ट ४.५ अँपिअर असं छापलंय. बॅटरी ५७ वॅट-तासाची. डॉकला स्वतःचा १३५ वॅटचा अडॅप्टर आहे आणि डॉक लॅपटॉपला ९६ वॅटपर्यंत देतो असं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलंय. डॉकसोबत ०.८ मीटरची केबल आली, तिच्यावर सगळं नीट चालतं. पण टेबल वर-खाली होणारं आहे आणि डॉक खाली, टेबलाच्या पायापाशी ठेवलाय. टेबल वर घेतलं की केबल ताणते.

म्हणून दोन लांब केबली आणल्या, दोन्ही २ मीटरच्या.

पहिलीवर ६० वॅट लिहिलंय. मॉनिटर लागतात, पण विंडोज चार्जर हळू असल्याचं सांगतं. कोड बिल्ड करत बसलं की ५ तासांत बॅटरी १०० वरून ४० टक्क्यांवर येते, चार्जिंगचं चिन्ह दिसत असताना!

दुसरी २४० वॅटची, जाड, विणलेल्या आवरणाची, किंमत दुप्पट. चार्जिंग झकास. पण मॉनिटर दोन्ही काळे. कीबोर्ड-माउस मात्र डॉकवरून चालतात.

दुसरी केबल खराब निघाली की डॉकच तिला नको म्हणतोय? आणि मुळात किती वॅटची घ्यायची?

खराडी बायपास

दुसरी खराब आहे, सरळ परत करा. २४० वॅट म्हणजे सगळ्यात वरची केबल, तिच्यावर मॉनिटर चाललेच पाहिजेत. घेताना ई-मार्कर चिप आहे का तेवढं विचारायचं. चिप असली की विषय संपला.

तांब्याची तार

परत करण्याआधी थांबा. माझ्या मते तुमच्या दोन्ही केबली अगदी धडधाकट आहेत. ज्या कामासाठी बनवल्या ते काम करतायत, फक्त ते तुमचं काम नाही.

आधी ६० वॅटची घेऊ. सी-टू-सी केबल कितीही साधी असली तरी ३ अँपिअर वाहून न्यायलाच हवेत असा नियम आहे. २० व्होल्ट गुणिले ३ म्हणजे ६० वॅट. त्याहून जास्त प्रवाह सोडण्याआधी डॉक केबलमधल्या चिपला विचारतो की तुला ५ अँपिअर झेपतात का. चिप ‘हो’ म्हणाली तरच डॉक लॅपटॉपपुढे ३ अँपिअरच्या वरचा देकार ठेवतो. चिप नसेल किंवा ती ३ म्हणाली, तर डॉकच्या पोटात ९६ वॅट असूनही लॅपटॉपला ६० चाच देकार दिसतो. यात बिघाड काहीच नाही.

आता तुमचा हिशेब. ५७ वॅट-तासाची बॅटरी ५ तासांत ६० टक्के उतरली, म्हणजे साधारण ३४ वॅट-तास गेले, तासाला ७ च्या आसपास. याचा अर्थ बिल्ड चालू असताना लॅपटॉप ६७ वॅटच्या आगेमागे खातोय. ६० केबलमधून येतात, उरलेले ७ तो स्वतःच्या बॅटरीतून काढतो. चिन्ह दिसतं कारण चार्जर जोडलेला असतोच. बॅटरी भरतेय की उतरतेय हे ते चिन्ह सांगत नाही. नुसती मेल वाचत बसलात तर हाच लॅपटॉप २० वॅटही खाणार नाही, आणि त्या दिवशी हीच केबल उत्तम वाटेल. काही लॅपटॉप तर वीज कमी पडतेय म्हटल्यावर बॅटरीला हात न लावता प्रोसेसरचा वेग उतरवतात. मग माणूस महिनाभर सॉफ्टवेअरला शिव्या घालतो आणि दोष असतो केबलचा.

दुसऱ्या केबलबद्दल रात्री लिहितो.

शंकेखोर

मध्येच विचारतो. ९० वॅटच्या लॅपटॉपला २४० वॅटची केबल लावली तर जास्तीची वीज आत जाऊन बोर्ड नाही ना जळणार? तपकीर गल्लीत एका दुकानदाराने मला ‘लॅपटॉपच्या वॅटचीच केबल घ्या’ असं ठासून सांगितलं होतं.

हार्डवेअरवाली

नाही जळणार. केबल वीज ढकलत नाही, ती रस्ता आहे. जोडणी होते तेव्हा आधी ५ व्होल्टच येतात. मग डॉक आपली यादी वाचून दाखवतो, ५, ९, १५, २० व्होल्ट आणि प्रत्येकाला किती अँपिअर. त्यातलं हवं ते लॅपटॉप मागतो. २० च्या वरचे २८, ३६ किंवा ४८ व्होल्ट यायला देणारा, घेणारा आणि केबल असे तिघंही तसे बनलेले लागतात. एकही जुना असेल तर गाडी २० व्होल्टवर थांबते.

दुकानदाराचं म्हणणं अर्धं धरा. केबल कमी वॅटची नको एवढं खरं. जास्तीची चालते.

तांब्याची तार

आता २४० वॅटची. केबलवर दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि पाकिटावर बहुतेक वेळा एकच मोठ्या अक्षरात छापतात. एक म्हणजे वीज किती नेते. दुसरी म्हणजे आत डेटाच्या तारा किती. या दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

२४० वॅटच्या पुष्कळ केबली निव्वळ चार्जिंगच्या असतात. वीजवाहक तारा जाड आणि डेटासाठी फक्त यूएसबी २.० ची एक जोडी. ॲपलची २ मीटरची २४० वॅटची चार्ज केबल अशीच आहे आणि तिच्या नावातच ‘चार्ज’ आहे. मॉनिटरचं चित्र जातं त्या वेगवान जोड्या यूएसबी २.० च्या केबलमध्ये नसतातच, मग चित्र येणार कुठून? कीबोर्ड-माउसला यूएसबी २.० पुरते, म्हणून ते चालतात आणि आपल्याला वाटतं केबल तर ठीक आहे, मॉनिटरचंच काहीतरी बिनसलंय. डॉकला नेटची वायर लावून वेग मोजा. घरचं कनेक्शन ५०० एमबीपीएसचं असलं तरी या केबलवर ते ३०० च्या आसपास अडेल, कारण सगळा माल ४८० एमबीपीएसच्या त्या एका जोडीतून जातो आणि त्यातलाही बराचसा भाग वरखर्चात जातो.

खराडी बायपास, ई-मार्करबद्दल तुमचं अर्धं बरोबर. ५ अँपिअरला चिप लागते, हे खरं. पण चिप आहे म्हणजे ५ अँपिअर, असं नाही. वेगवान डेटाच्या पूर्ण तारांच्या प्रत्येक सी-टू-सी केबलमध्ये चिप असते आणि त्यातल्या कितीतरी ३ अँपिअरच्याच आहेत. कर्वेनगरींच्या पहिल्या केबलवर मॉनिटर लागतात, म्हणजे तिच्यातही बहुधा चिप असेलच. ती प्रामाणिकपणे ‘३’ सांगते, इतकंच.

खराडी बायपास

मान्य. मग पाकिटावर नेमकं काय वाचायचं?

तांब्याची तार

दोन आकडे. वॅट १०० किंवा २४०, आणि वेग किमान ५, शक्यतो १० जीबीपीएस. दोन्ही छापलेले नसतील तर घेऊ नका. ‘फास्ट चार्जिंग, डेटा सिंक’ एवढंच लिहिलं असेल तर ती यूएसबी २.० समजायची.

१०० की २४०, यावर फार डोकं शिणवू नका. ९६ वॅटच्या डॉकला दोन्ही सारख्याच, कारण दोन्ही ५ अँपिअरच्या आहेत. फरक पडतो तो २० व्होल्टच्या वर गेल्यावर. २०२१ मध्ये नवीन प्रमाण आल्यापासून ५ अँपिअरच्या केबलवर २४० चीच खूण करायची असं ठरलंय, म्हणून १०० च्या खुणेचा माल हळूहळू जुना होत जाईल. आज नवी घेताना भावात फार फरक नसेल तर २४० घ्या. घरात १०० ची चांगली केबल पडली असेल तर तीच वापरा, उगाच खर्च नको.

मृण्मयी क.

माझंही असंच होतंय. माझ्याकडे डॉक नाही, छोटा हब आहे. त्याची अर्ध्या विताची वायर लॅपटॉपमध्ये जाते. हबवर ‘१०० वॅट’ लिहिलंय आणि मी त्याला लॅपटॉपचाच ६५ वॅटचा चार्जर लावते. तरी चार्जर हळू असल्याचा संदेश येतो. चार्जर थेट लावला की येत नाही. मी पण २४० वॅटची केबल घेऊ का?

हार्डवेअरवाली

ताई, तुमची गोष्ट थोडी वेगळी आहे. तुमचा हब स्वतः वीज बनवत नाही, चार्जरची वीज पुढे सोडतो. त्यातून तो आधी स्वतःसाठी आणि त्याच्या पोर्टना लागतील म्हणून १० ते १५ वॅट राखून ठेवतो. ६५ मधून १५ गेले, लॅपटॉपला ५० उरले. हबवरचा ‘१००’ म्हणजे त्यात जास्तीत जास्त किती वीज ओतता येते तो आकडा. हब १०० देईल असा त्याचा अर्थ नाही.

वर आणखी एक गोम आहे. ६५ वॅट म्हणजे २० व्होल्टला ३.२५ अँपिअर. चार्जरची वायर त्याला कायमची जोडलेली असेल तर प्रश्न नाही. पण वायर सुटी असेल आणि तुम्ही ती बदलून ३ अँपिअरची लावली असेल, तर चार्जर आधीच ६० वर येतो आणि लॅपटॉपला ४५ च मिळतात.

नुसती केबल घेऊन भागणार नाही. चार्जर १०० वॅटचा घ्या, म्हणजे हबचे १५ जाऊनही ८५ उरतील. चार्जर ते हब एवढ्या तुकड्यात मात्र ५ अँपिअरची कुठलीही केबल चालते, यूएसबी २.० ची सुद्धा, कारण तिथून फक्त वीजच जायची आहे. कर्वेनगरींची ती काळ्या मॉनिटरवाली केबल तुमच्या कामाला अगदी फिट्ट आहे!

कर्वेनगरी

😀 कोथरूड-कर्वेनगर भागात असाल तर घेऊन जा.

बरं, केबल किती वीज आणतेय हे अंदाजाने न सांगता मोजायचं कसं? ते आडवे खोचायचे छोटे मीटर मिळतात, ते घेऊ का?

हार्डवेअरवाली

मीटर चालतो, पण डॉक आणि लॅपटॉपच्या मध्ये लावलात तर घोळ होऊ शकतो. स्वस्तातल्या मीटरमधून यूएसबी २.० एवढंच पुढे जातं, मॉनिटर लगेच जातील आणि तुम्ही चांगल्या केबलला नावं ठेवाल. मीटरवर वीज तेवढी वाचायची, मॉनिटरवरून निष्कर्ष काढायचा नाही.

विंडोजवर पैसे न घालता पॉवरशेलमध्ये हे चालवा:

```
Get-CimInstance -Namespace root/wmi -ClassName BatteryStatus |
  Select-Object PowerOnline, ChargeRate, DischargeRate
```

आकडे मिलिवॅटमध्ये येतात. `PowerOnline` खरं आणि तरी `DischargeRate` शून्याच्या वर, म्हणजे केबल लावलेली असूनही बॅटरी उतरतेय. लॅपटॉपवर काम चालू असतानाच बघा, आणि बॅटरी ८० टक्क्यांच्या खाली असू द्या. भरत आलेली बॅटरी स्वतःच कमी ओढते आणि आकडा फसवतो.

मॅक असेल तर सोपं. देणाऱ्याशी किती वॅट ठरले ते थेट दिसतं:

```
system_profiler SPPowerDataType | grep Wattage
```

तिथे ९६ च्या जागी ६० दिसले तर केबलवर संशय घ्यायला हरकत नाही.

आणि दोष कुणाचा ते वेगळं काढायला तीच केबल डॉकऐवजी लॅपटॉपच्या मूळ चार्जरला लावून बघा, चार्जरची वायर सुटी होत असेल तर. तिथेही कमी आलं तर केबल दोषी. तिथे ठीक आणि डॉकवरच कमी, तर आधी डॉकचं तोंड बघा. बऱ्याच डॉकना दोन-तीन सी-पोर्ट असतात. लॅपटॉपचा बहुधा मागे असतो, त्यावर लॅपटॉपचं चित्र असतं. पुढचा फोनसाठी, १५ किंवा २० वॅटचा. घाईत केबल पुढे खोचली जाते आणि मग आपण केबली बदलत बसतो.

बिबवेवाडीकर

माझ्या गेमिंग लॅपटॉपला २३० वॅटचा गोल पिनचा चार्जर आहे. २४० ची केबल आणि डॉक घेतला तर तो चार्जर कपाटात टाकता येईल ना?

तांब्याची तार

नाही. डॉक ९६ वॅटचा असेल तर केबल २४० ची असो की हजारची, ९६ च येणार. डॉक १४० वॅटचा घेतला तरी लॅपटॉपच्या सी-पोर्टला २८ व्होल्ट घेता आले पाहिजेत, आणि गोल पिनच्या मशीनचे सी-पोर्ट बहुधा १०० वर थांबतात. काहींचे तर सी-पोर्टवरून चार्जच होत नाहीत. ऑफिसचं काम करताना डॉकवर चालवा, खेळताना गोल पिन लावा. एका केबलचं स्वप्न तुमच्या मशीनपुरतं सोडून द्या.

काही कंपन्यांचे डॉक आपल्याच लॅपटॉपला नियमाबाहेर जाऊन जास्त देतात. डेलचे काही डॉक डेलच्या लॅपटॉपला १३० वॅट देतात. पण त्यांची केबल डॉकलाच जोडलेली असते आणि दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपला तेवढं मिळत नाही. तो हिशेब बाजारच्या केबलला लावू नका.

खराडी बायपास

मूळ मुद्द्यावर येतो. कर्वेनगरींना लांबी हवी आहे. २ मीटरची थंडरबोल्ट केबल घेतली की वीज, वेग, मॉनिटर सगळं मिटतं की.

हार्डवेअरवाली

थंडरबोल्ट ४ ची २ मीटरवाली असेल तर बहुतेक मिटतं, फक्त किंमत बघून खुर्चीत बसा. पण थंडरबोल्ट ३ ची २ मीटरची ॲक्टिव्ह केबल घेऊ नका. साध्या यूएसबी-सी डॉकवर ती यूएसबी २.० होऊन बसते, म्हणजे पुन्हा काळे मॉनिटर.

साध्या केबलमध्ये वेग वाढला की लांबी घटते. १० जीबीपीएसची केबल १ मीटरच्या आसपास, ५ ची २ मीटरपर्यंत, ४० ची ०.८ मीटर. डॉकवाले ०.८ ची देतात ते काही कंजूषपणाने नाही.

शंकेखोर

मग ५ जीबीपीएसची, २ मीटरची, ५ अँपिअरची घ्यायची. झालं की.

तांब्याची तार

कागदावर झालं. पण दोन मोठे मॉनिटर त्या लांबीवर दिवसभर न लुकलुकता चालतील असं मी छातीठोक सांगणार नाही. एका डॉकवर चालते, दुसऱ्यावर तासाला एकदा पडदा काळा होऊन परत येतो. परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या.

औंधची मीरा

सी-टू-सी एक्स्टेंशनचा तुकडा मिळतो ना २०० रुपयांत? मूळ ०.८ ची केबल अधिक १ मीटरचा तुकडा.

तांब्याची तार

हे मात्र करू नका. डॉक फक्त मूळ केबलच्या चिपशी बोलतो. ती म्हणते ५ अँपिअर झेपतात, आणि डॉक तेवढे सोडतो. मध्ये जोडलेल्या तुकड्यात तारा बारीक आहेत हे सांगणारं तिथे कुणीच नसतं. तो सांधा तापतो, आणि बोट लावेपर्यंत कळत नाही. म्हणूनच असा तुकडा यूएसबीच्या नियमांत बसत नाही. चुंबकाचे टोक लावायचे जोड मिळतात, त्यांचंही तेच. ९० वॅट वाहताना केबलचं टोक कोमट लागणं ठीक, बोट ठेववत नसेल तर लगेच काढा.

आता मला सांगा कर्वेनगरी, डॉक खाली पायापाशी का ठेवलाय? तो टेबलाच्या फळीला खालून लावला तर फळीबरोबरच वर-खाली होईल. मग ०.८ ची केबल पुरते, मॉनिटरच्या केबलीही ताणायच्या नाहीत, आणि सैल ठेवायची ती फक्त अडॅप्टरची भिंतीकडे जाणारी वायर.

कर्वेनगरी

हे सुचलंच नाही राव. मॉनिटरच्या एचडीएमआयही ताणतच होत्या.

आकडे काढले, बिल्ड चालू ठेवून, बॅटरी ५५ टक्क्यांना. ६० वॅटच्या केबलवर `DischargeRate` ७१००. डॉकच्या ०.८ वाल्या केबलवर `DischargeRate` शून्य आणि `ChargeRate` १९ हजारांच्या आसपास. म्हणजे तुमचे ते ७ वॅट अगदी बरोबर निघाले.

राखीव म्हणून एक केबल तरी घेऊन ठेवावी का?

हार्डवेअरवाली

१ मीटर, १० जीबीपीएस, २४० वॅट, तिन्ही आकडे पाकिटावर असलेली. घरी आणली की बॅटरी ८० च्या खाली असताना बिल्ड चालवून तेच दोन आकडे बघा, आणि दोन्ही मॉनिटर तासभर चालू ठेवा. मगच पाकीट फेका.

शंकेखोर

२ मीटरच्या ५ जीबीपीएसच्या केबलवर कुणाचे दोन मॉनिटर महिनोन्महिने चालतायत का? डॉकचं मॉडेल सांगा. मला खरंच लांबी लागते, माझं टेबल भिंतीतलं आहे.

बिबवेवाडीकर

माझा एकच मॉनिटर चालतो, दोनाचं माहीत नाही.

तांब्याची तार

डॉक फळीला लावताना दोन गोष्टी बघा. फळी १८ मिमीची असेल तर स्क्रू लाकडात १२ मिमीच्या वर जायला नको, नाहीतर वरून टोक दिसेल. आणि जाळीची बाजू फळीला चिकटवू नका. ९६ वॅट देताना डॉक चांगलाच तापतो, बोटभर फट ठेवा.